समईची सावली कुठे पडायला हवी?

दिल्लीत शून्य सावलीचा दिवस कधीच येत नाही. मुंबईत मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यात गडप होते आणि शाळकरी मुलं मैदानात काठ्या रोवून ते पाहतात. दिल्ली मात्र कर्कवृत्ताच्या बरीच वर, २८.६ अंशांवर आहे. तिथला मध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडेच कललेला असतो. २१ जूनला दुपारची सावली वस्तूच्या उंचीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी पडते, तर २२ डिसेंबरला उंचीच्या सव्वापटीहून थोडी जास्त. दिवाळीच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बारा वाजता सावली साधारण वस्तूएवढी भरते आणि चार वाजेपर्यंत ती तिप्पट लांब झालेली असते.

हे आकडे मला लागतात ते वस्तूंचे फोटो तपासताना. मुरादाबादची पितळी भांडी, खुर्जाच्या चिनीमातीच्या बरण्या, पानिपतच्या चादरी असा कितीतरी माल दिल्ली, नोएडा आणि गुरुग्रामच्या स्टुडिओंमधून फोटो होऊन देशभर जातो. हे काम इथे इतकं वाढलं, की २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनने फॅशनच्या फोटोंसाठी गुरुग्राममध्ये ‘ब्लिंक’ नावाचा स्वतःचा मोठा स्टुडिओ थाटला. यादीतला पहिला फोटो शुभ्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर असावा लागतो, आणि त्यानंतरचे फोटो घरात, अंगणात, दिवाणखान्यात घेतल्यासारखे दिसावे लागतात. प्रत्येक भांडं उचलून अंगणात नेणं परवडत नाही. म्हणून भांड्याचा फोटो स्टुडिओत निघतो, अंगणाचा वेगळा निघतो आणि रीटचर संगणकावर दोन्ही जोडतो. अशा जोडचित्राला या धंद्यात कंपोझिट म्हणतात.

दिवाळीच्या कॅटलॉगसाठी आलेलं असं एक कंपोझिट इथे तपासून दाखवतो. दीड फूट उंचीची पितळी समई, पाच वाती पेटलेल्या. मागे एका जुन्या हवेलीचं लाल विटांचं अंगण, गडद लाकडी दरवाजा, एक दगडी खांब आणि मातीची कुंडी. अंगणाचा फोटो नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपारी चारच्या सुमारास काढलेला होता आणि ऊन उजवीकडून, थोडं मागून येत होतं. समईचा फोटो स्टुडिओत, पांढऱ्या कागदावर, डाव्या-उजव्या बाजूंना एकेक सॉफ्टबॉक्स लावून काढलेला.

बहुतेक तपासणारे फाइल उघडताच ती मोठी करतात आणि कडा बघायला लागतात. मी उलट आधी चित्र स्क्रीनवर आगपेटीएवढं करतो. त्या आकारात नक्षी, कडा, धार सगळं नाहीसं होतं आणि उरतो तो फक्त उजेड. हा क्रम मी आग्रहाने पाळतो, कारण उजेड, कड आणि धार या तीन दोषांपैकी उजेडाचाच दोष संगणकावर क्वचित दुरुस्त होतो. कड पुन्हा कापता येते, जास्त झालेली धार जुन्या फाइलवर जाऊन कमी करता येते. पण चुकीच्या दिशेने उजळलेलं पितळ बहुतेक वेळा पुन्हाच फोटोग्राफ करावं लागतं. मग आधी दोन तास कडा तासून घेण्यात काय हशील?

आगपेटीएवढ्या चित्रात समई अंगणात उभी नव्हती, अंगणावर चिकटवलेली होती. का, ते सावलीने आधी सांगितलं. अंगणातल्या खांबाची सावली डावीकडे, पुढच्या बाजूला, लांबच लांब पसरलेली. समईची सावली डावीकडेच, पण समईच्या निम्म्या उंचीएवढी. चारच्या उन्हात ती साडेचार फुटांच्या घरात जायला हवी होती, म्हणजे चित्राच्या खालच्या कडेबाहेर. रीटचरने ती चौकटीत बसावी म्हणून आखूड केली होती. हेतू समजतो, पण पाहणाऱ्याला काहीतरी बिनसल्याचं जाणवतंच, नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी.

सावली नुसत्या नजरेने पारखण्यापेक्षा रेषा ओढून पारखावी. खांबाच्या माथ्याचा एक कोपरा घ्यायचा, त्याच कोपऱ्याची सावली जमिनीवर शोधायची आणि सावलीच्या बिंदूपासून कोपऱ्यापर्यंत सरळ रेषा ओढून ती पुढे वाढवायची. तसंच कुंडीच्या काठाचं करायचं. एकाच दिव्याने किंवा एकाच सूर्याने टाकलेल्या सावल्यांच्या या साऱ्या रेषा चित्रात एका बिंदूत मिळतात, आणि सूर्य फोटोग्राफरच्या समोरच्या अंगाला असेल तर तो बिंदू म्हणजे चित्रातली सूर्याची जागा. (सूर्य पाठीशी असेल तर रेषा उलट बाजूला, क्षितिजाच्या खाली मिळतात.) अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ हॅनी फरीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हीच भूमिती बनावट फोटो पकडण्यासाठी पद्धतशीर मांडली. आमच्या अंगणात खांबाची आणि कुंडीची रेषा चित्राबाहेर, वर उजवीकडे एका ठिकाणी भेटली. समईच्या शिखराची रेषा मात्र त्या बिंदूच्या जवळपासही गेली नाही. ती जवळजवळ सरळ वर चढली, जणू समईपुरता सूर्य उन्हाळ्यातल्या दुपारच्या जागी अडकला होता.

सावलीची कडही बोलते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावली वस्तूपासून जसजशी दूर जाते तसतशी तिची कड फुटते. ढोबळ मानाने दर मीटरला एक सेंटिमीटर. समईच्या बैठकीपाशी सावली रेखीव हवी आणि शिखराच्या सावलीपाशी चांगलीच मऊ. शिवाय नोव्हेंबरात दिल्लीच्या हवेत धूर आणि धुरकं इतकं असतं की ऊन गाळून येतं, सावल्या फिकट पडतात आणि दूरच्या वस्तूंचा काळेपणाही राखाडी होतो. अंगणातल्या खऱ्या सावल्या अशाच धूसर होत्या, तर रीटचरची सावली सगळीकडे सारखीच मऊ आणि वर जास्त काळी. आणि जिथे ती सर्वांत काळी असायला हवी, म्हणजे बैठक जमिनीला टेकते त्या कडेखालच्या बारीक फटीत, तिथे काहीच नव्हतं. ती केसाएवढी काळी रेघ नसली की जड पितळही जमिनीपासून बोटभर वर तरंगतं.

दुसरी खूण समईच्या दांड्यावर होती. वाडग्याचा, कपड्याचा किंवा लाकडाचा उजेड तपासताना आपण उजळ बाजू आणि अंधारी बाजू बघतो. घासून लख्ख केलेल्या पितळेला हा नियम पुरत नाही. ते प्रकाश पसरवण्याऐवजी समोरचं दृश्यच परत फेकतं, आणि गोल दांड्यावर तर खोलीचा जवळजवळ सगळा परिसर उभा ताणून उमटतो. आमच्या समईच्या दांड्यावर डाव्या-उजव्या बाजूंना दोन सरळ, सारख्याच रुंदीचे पांढरे पट्टे होते. ते स्टुडिओतले दोन सॉफ्टबॉक्स. अंगणात उभ्या समईवर त्याऐवजी उजवीकडे सूर्याचा एक छोटा, अतिशय तेजस्वी ठिपका दिसला असता, वरच्या वळणांवर आकाशाचा फिकट निळसरपणा आणि बैठकीच्या वळणांवर खालच्या विटांची लाली. आपल्या समईवर विटा नव्हत्या, पांढरा कागद होता. रीटचरने सगळ्या समईवर नारिंगी झाक चढवून ती अंगणाशी जुळवायचा प्रयत्न केला होता. रंग जुळला, प्रतिबिंब तेच राहिलं.

वातींचं वेगळंच. रीटचरने ज्योतींभोवती मोठं नारिंगी तेज पसरवलं होतं आणि ते वाटीवर, दांड्यावर, खालच्या विटांवरही उतरवलं होतं. एका वातीचा उजेड एका मेणबत्तीएवढा धरला, तर दहा सेंटिमीटरवर तो सुमारे शंभर लक्स भरतो. चारचं धुरकट ऊनही हजारो लक्सचं असतं. म्हणजे उन्हात पेटलेली समई ज्योत दाखवते, पण विटा उजळत नाही. ग्राहकाला ते ऊबदार तेज हवंच असेल तर अंगण संध्याकाळचं घ्यायला हवं, आणि मग दिव्याखाली अंधार ही म्हण अक्षरशः पाळावी लागते. तेलाची वाटी ज्योतींच्या खाली असल्यामुळे वाटीचा तळ, दांडा आणि बैठकीचा मोठा भाग तिच्या सावलीत जातो. समईच्या कित्येक जाहिरातींत ज्योती वर आणि बैठक खाली तितकीच झळाळत असते. ते मला नेहमी खटकतं, कारण घरी रोज समई लावणाऱ्या माणसाने ती तशी कधीच पाहिलेली नसते.

माझा शेरा असा गेला: समई पुन्हा काढा. चारच्या सूर्याची उंची सुमारे अठरा अंश होती. हा कोन स्टुडिओत मिळवायला त्रिकोणमितीची वही लागत नाही. समईपासून तीन मीटर दूर, उजवीकडे मागे, समईच्या मध्यापेक्षा एक मीटर वर फ्लॅश ठेवला की कोन जुळतो. फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स नको, उघडाच हवा, म्हणजे पितळेवर सूर्यासारखा लहान ठिपका उमटेल. आकाशासाठी वर पांढरं कापड ताणून त्यावर कमी जोराचा, किंचित निळसर उजेड टाकायचा. समईखाली पांढऱ्या कागदाऐवजी विटांच्या रंगाचा पुठ्ठा. आणि कॅमेऱ्याची उंची अंगणाचा फोटो काढताना होती तेवढीच, नाहीतर वाटीच्या काठाची लंबवर्तुळं विटांच्या ओळींशी जुळणार नाहीत. या उपायाला एक मर्यादा आहे. तीन मीटरवरचा फ्लॅश सूर्याइतका दूर नसतो, त्यामुळे त्याच्या सावल्या किंचित फाकतात. दीड फुटाच्या वस्तूला ते चालून जातं, पण कपाटाला किंवा सोफ्याला चाललं नसतं.

नवा फोटो बसवून चित्र परत आलं तेव्हा उजेड जुळला होता. आता कडा. इथे चित्र शंभर टक्क्यांवर बघायचं, म्हणजे चित्रातला एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. दाट पिक्सेलच्या नव्या स्क्रीनवर दोनशे टक्के लागतात. सगळी आकृती एकदम पाहण्यापेक्षा मी बैठकीपासून सुरू करून घड्याळाच्या दिशेने कड फिरत जातो.

जुन्या फोटोत समईच्या दोन्ही बाजूंना गडद दरवाजासमोर पांढरी किनार दिसत होती. रीटचरने तिला कापण्यातली चूक मानून मास्क एक पिक्सेल आत घेतला होता, Defringe चालवलं होतं आणि तरी किनार गेली नव्हती. ही गल्लत फार होते. कापताना मागचा पांढरा कागद एक-दोन पिक्सेल सोबत आला तर उरलेली किनार सगळीकडे सारखीच बारीक असते आणि मास्क आत घेतला की जाते. पण गोल पितळी वस्तूची अगदी कडेची पट्टी आपल्याला जवळजवळ तिरपी दिसते आणि ती मागचा-बाजूचा कागदच प्रतिबिंबित करते. ती किनार पितळेवरचीच आहे. ती वळणाप्रमाणे रुंद-अरुंद होते, फुगीर भागावर पाच-सात पिक्सेलही भरते. मास्क कितीही आत घेतला तरी ती जात नाही, उलट समई बारीक होत जाते. तिचा इलाज कॅमेऱ्यापाशीच आहे. समईच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे किंवा करडे पुठ्ठे उभे केले की कडेला पांढऱ्याऐवजी गडद रेघ येते आणि दरवाजासमोर ती सहज मिसळते. नव्या फोटोत ते केलं होतं.

दुसरा दोष नव्या चित्रातही होता. समईची वाटी पुढून मागे बरीच खोल असते. कॅमेऱ्याने पुढची वात धारदार पकडली होती आणि मागचा काठ नैसर्गिकपणे मऊ झाला होता. पण पेन टूलने आखलेला मार्ग सगळीकडे सारख्याच तीक्ष्णतेने कापतो. त्यामुळे काठाची आतली नक्षी पुसट आणि बाहेरची कड मात्र पात्यासारखी, असा विचित्र प्रकार झाला होता. खऱ्या फोटोत कुठलीच कड एका पिक्सेलमध्ये संपत नाही. फोकसमधली कड दोन-तीन पिक्सेलांत उतरते, फोकसबाहेरची दहा-बारांतही. म्हणून सगळ्या मास्कला एकच फेदर देणं चूक, आणि कुठेच न देणंही चूक. पुढच्या वातीपाशी मास्क जवळजवळ कडक ठेवून मागच्या काठाकडे जाताना हाताने मऊ करत न्यावा लागतो. हे पंधरा मिनिटांचं काम आहे आणि दिवसाला शेकडो फोटो उरकणाऱ्या ठिकाणी नेमकं तेच गळतं.

राहिलेल्या भोकांसाठी एक युक्ती. अंगणाचा थर तात्पुरता बंद करून समईखाली भडक गुलाबी रंगाचा थर टाकायचा. शिखरावरच्या मोराच्या मानेखाली, साखळीच्या कड्यांत स्टुडिओचा कागद राहिला असेल तर तो लगेच ओरडतो. विटांच्या गर्दीत तो डोळ्यांना सापडत नाही.

मग धार. फोटोशॉपमधल्या ज्या आदेशाने फोटो धारदार होतो त्याचं नाव Unsharp Mask आहे, आणि ते डार्करूमच्या काळातून आलं आहे. निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तयार करून ती मूळ निगेटिव्हवर ठेवायची आणि दोन्हींतून मिळून छापायचं. धूसर प्रत मोठे उजेड-अंधार दाबते, कडेपाशी मात्र ती मूळ प्रतीशी जुळत नाही, आणि तो फरकच छापात कड ठळक करतो. संगणक आज हेच गणिताने करतो. कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ करतो, गडद बाजूला आणखी गडद. चित्रात नवी माहिती येत नाही, फक्त कडेचा भेद वाढतो. आणि आपला डोळा हेच काम आधीपासून करत असतो. उजेड बदलतो त्या सीमेवर प्रत्यक्षात नसलेली उजळ आणि काळी पट्टी आपल्याला दिसते. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं, ध्वनीच्या वेगाशी तुलना करणारा माख अंक ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच. डोळ्याने आधीच वाढवलेल्या कडेवर सॉफ्टवेअरने आणखी वाढ केली की थोडीशी जास्तही फार वाटते.

आमच्या समईवर ती तीनदा झाली होती. एकदा रॉ फाइल उघडताना आपोआप, एकदा समई कापल्यावर आणि एकदा शेवटी सगळ्या चित्रावर. परिणामी समईभोवती उजळ वलय आलं होतं. या वलयाला या धंद्यात हॅलो म्हणतात. रीटचरचं म्हणणं होतं, तो मागून येणाऱ्या उन्हाचा झळाळ आहे. प्रश्न रास्त होता, कारण यावेळी ऊन खरंच मागून होतं. फरक असा ओळखायचा. खरा झळाळ सूर्याकडच्या कडेवरच असतो, आमच्या चित्रात उजवीकडे, आणि वळणागणिक त्याची रुंदी बदलते. हॅलो उजवीकडेही असतो आणि डावीकडच्या सावलीतल्या कडेवरही, सगळीकडे एकाच रुंदीचा. आणखी एक खूण म्हणजे त्याचं जोडपं. बाहेर उजळ रेघ असेल तर तिला लागून आत एक काळी रेघ हटकून असते. झळाळाला असं जोडपं नसतं. डावीकडची कड दोनशे टक्क्यांवर पाहिली आणि दोन्ही रेघा स्पष्ट दिसल्या, म्हणून शेरा पक्का झाला. वाटीवरच्या कोरीव रेषांत आणखी एक लक्षण होतं. कोरीव कामाच्या मधल्या सपाट जागा वाळू शिंपडल्यासारख्या चमचमत होत्या. पितळेवरचे पॉलिशचे सूक्ष्म ओरखडे आणि कॅमेऱ्याचा नॉइज दोन्ही धारेबरोबर वर आले होते.

दुरुस्ती अशी सुचवली. आधीच्या दोन पायऱ्यांतली धार काढून टाका आणि चित्र अंतिम आकाराला आणल्यानंतरच एकदा द्या. दोन हजार पिक्सेलच्या वेब फोटोला Radius अर्धा ते एक पिक्सेल पुरतो आणि Amount शंभर टक्क्यांच्या आतबाहेर. Threshold तीन-चार ठेवला तर सपाट पितळेतली वाळू उठत नाही. धार दिलेल्या थराचा ब्लेंड मोड Luminosity ठेवला तर कडेला रंगीत किनारी येत नाहीत. फोकसबाहेरच्या मागच्या काठावरून मास्क लावून ती पुसून टाकायची. आणि उलटही एक जुळवणी लागते. अंगणाचा फोटो जास्त आयएसओवर काढलेला, म्हणून त्यात बारीक दाणे होते, तर स्टुडिओतली समई काचेसारखी स्वच्छ. दोन्ही एका कॅमेऱ्यातून आल्यासारखी दिसायला समईवर तेवढेच दाणे घालावे लागले.

तिसऱ्या फेरीत चित्र मंजूर झालं, पण त्याआधी मी ते एका साध्या, स्वस्त फोनवर पाहिलं. विक्रीची संकेतस्थळं फोटो स्वतःच्या पद्धतीने लहान करतात आणि पुन्हा दाबतात. त्या दाबण्यात कडांभोवती हॅलोसारख्याच लहरी उमटतात, त्यामुळे संगणकावर जेमतेम चालेल अशी वाटणारी धार फोनवर जास्त होऊ शकते. या वेळी Amount शंभरावरून सत्तरवर आणावा लागला. त्याच समईचं मोठं होर्डिंगही व्हायचं होतं. म्हणून रीटचरला धार न दिलेली, सगळे थर शाबूत असलेली फाइल वेगळी ठेवायला सांगितलं, कारण छपाईच्या आकाराला लागणारा Radius वेगळा असतो आणि तो त्या आकारावरच ठरतो.